ठोक्यावर कापलेली हाक

मालवणच्या बाजारपेठेत, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर सुदेश लग्नांच्या फिती जोडायचा. 'फिती' हा शब्द तेवढा जुना उरला होता. काम सगळं संगणकावर. आधी गाणं लावायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला बोटाने कळ दाबून खूण करायची. मग खुणेवर चित्र बदलायचं. खरं तर खुणेच्या केसभर आधीच, म्हणजे थाप पडते तेव्हा नवा चेहरा डोळ्यांत बसलेला असतो. लग्नाला तो मिनिटाला सव्वाशे ठोक्यांचं गाणं घ्यायचा. दर दुसऱ्या ठोक्याला काप, एक माणूस जेमतेम सेकंदभर.

"लगीन जोडतंस की मिक्सरात वाटतंस रे?" कॅमेरा धरणारा गुरुप्रसाद चिडवायचा.

"खोबरा बारीक वाटल्याशिवाय कालवणाक चव येता काय?"

गिऱ्हाइकं खूश असत. मासे विकणाऱ्या पद्मावतीकाकींच्या मुलाचं, विनीतचं लग्नही त्याने असंच बारीक वाटलं होतं.

पुढच्याच ऑगस्टात, मासेमारीची पावसाळी बंदी उठून दर्या खुला झाल्यावर, विनीतची होडी उलटली. बाकीचे पोहून आले. विनीत आला नाही. त्याचं शरीरही मिळालं नाही.

वर्षश्राद्धाला पंधरवडा उरला होता, तेव्हा काकी जिना चढून आल्या. माशांची पाटी त्यांनी खालीच ठेवली होती.

"सुदेशा, लग्नाची ती फीत रोज लावतंय रे. पण विनीत माका गावणाच नाय. बघूक जातंय, तवसर तो गेलो! माका तेका एकदा नीट बघूचो आसा."

काम दिल्यावर कच्चं चित्रण पुसून डिस्क पुढच्या लग्नाला मोकळी करायची, ही सगळ्याच स्टुडिओंची रीत. सुदेशने मूळ चित्रण कधीच पुसलं होतं. ते त्याने तेव्हाच सांगितलं नाही. "बघतंय, काकी," एवढंच म्हणाला.

दुःखाला संथ लय, हे या धंद्यात पोरालाही ठाऊक. त्याने मिनिटाला पन्नास ठोक्यांची बासरी निवडली आणि विनीतचे ते सेकंदभराचे तुकडे ताणून चौपट केले. मधली चित्रं मुळात नव्हतीच. ती संगणकाने मनाने भरली. कडा थरथरल्या, पण लय जमली. सुदेशला ते सुंदर वाटलं.

काकी पडद्यासमोर बसल्या. मांडवातून विनीत हळूहळू पुढे येत होता. पाय उचलला जाई, तरंगे, मग टेके. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"बंद कर रे झिला. ह्यो पाण्यात चलल्यासारखो दिसता."

सुदेशने झटकन कळ दाबली.

"माझो विनीत असो चलाच नाय," त्या म्हणाल्या आणि बोटाने टेबलावर ठोके देऊ लागल्या. टप टप, टप टप. "असो येय. पायरेवर पाय वाजले की माका कळा, इलो."

त्या गेल्यावर सुदेशने ताण काढून टाकला. चाल मूळची ठेवली. ढोलही नको, बासरीही नको. पण लांबी आणायची कुठून? तेव्हा त्याला आठवलं, की जुनं काम साठवताना संगणक वापरलेले तुकडेच ठेवतो, पण प्रत्येक कापाच्या दोन्ही बाजूंना थोडी शिल्लक सोडतो, पुढे काप सरकवायचा झाला तर. शिवणीत कापड दाबून ठेवावं तशी. त्याने एकेक शिवण उसवायला घेतली. कुठे अर्धं हसू निघालं, कुठे घाम पुसणारा हात. एका तुकड्यात विनीत मंडपाच्या खांबाशी उभा होता. ठोका पडला म्हणून सुदेशने तेव्हा तिथेच कापलं होतं. आता पुढची शिल्लक उघडली. विनीत वळला, कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडे तरी बघून म्हणाला, "आये, तू..."

तुकडा संपला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी काकींनी तो पाहिला. संगीत नव्हतं, मांडवातली भांडी, पोरांचा गलका आणि ती हाक.

"फुडे काय म्हटल्यान रे?"

"फुडचा नाय आसा, काकी. मीच पुसलंय."

काकी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माकाय आठवणा नाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवसा सारखो हाक मारी होतो. मी भाताच्या टोपाकडे. म्हटलंय, नंतर आयकतंय." मग पडद्याकडे हात करून, "परत लाव."

त्याने परत लावलं. आणि परत.

लग्नं सुदेश अजून जोडतो. सव्वाशे ठोकेच असतात. लोकांना तेच हवं असतं. फक्त एके ठिकाणी, वर किंवा वधू आईकडे वळली, की तो गाणं खाली घेतो आणि ठोके जाऊ देतो. बोलणं संपेपर्यंत कापत नाही. परवाच एक नवरदेव कुरकुरला, "हय थोडा रेंगाळता रे. उडव ना."

"ऱ्हवांदे," सुदेश म्हणाला. त्याचं बोट कळीवर होतं, पण त्याने ती दाबली नाही.