बिल्ला नसलेली भुरी

ये गं पोरी, खुर्ची ओढून जवळ बस. समोर नाहीस, पण हे वाचताना तरी आजीच्या शेजारी बसल्यासारखी बस. आणि आधी बोलणी खा. काल फोनवर काय म्हणालीस? "आजी, मी जिन्यातच खायला घालते, सोसायटीला काय करायचं ते करू दे. आणि नसबंदीची गाडी आली तर एकही कुत्रं पकडू देणार नाही." मोठी शहाणी! जिना काय तुझ्या एकटीचा आहे? आणि गाडीला अडवणार ती का, तर म्हणे, "तूच सांगितलं होतंस ना, गाडीवाले मारून टाकतात."

अर्धंच सांगितलं होतं मी तुला. पुढचं आजवर कुणालाच सांगितलं नाही. आता सांगते.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. जळगावात आम्ही नव्या सोसायटीच्या कॉलनीत राहायला आलो होतो. तीस-बत्तीस घरं, मधे मातीचा रस्ता, कोपऱ्यावर विहीर. तुझे आजोबा कोर्टात कारकून. डाव्या हाताला शेठाणीबाई, राजस्थानातून आलेलं जैन घर, धान्याचं दुकान. समोर पाटलीणबाई, रावेरकडच्या, केळीच्या बागावाल्या. पोरांच्या शाळेसाठी इथे घर केलेलं.

शेठाणीबाईंची शेवटची चपाती कुत्र्याची, हा नेम. माझ्याकडे उरलंसुरलं वरण-बट्टी असे. दोघी मिळून सकाळी अकराच्या सुमाराला विहिरीजवळ जायचो. मी जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं ताट पळीनं वाजवायची, टणटणटण, की सात-आठ कुत्री धावत यायची. त्यात एक भुरी होती. ती कधी घुसायची नाही. सगळ्यांचं झालं की पुढे यायची, हातातून तुकडा असा घ्यायची की बोटाला दात लागायचा नाही. त्या थंडीत ती आमच्या जिन्याखाली व्याली. चार पिल्लं.

त्याच महिन्यात पाटलीणबाईंच्या धाकट्या मुलीला कुत्रा चावला. पोटरीचा लचकाच काढला. सिव्हिल हॉस्पिटलात पोटात चौदा इंजेक्शनं. रोज एक. तिला नेताना पोर गेटाचा गज धरून ठेवायची, बोटं सोडवावी लागायची. सातव्या दिवशी पाटलीणबाई माझ्या दारात आल्या.

"तुम्ही ताट वाजवता अन् सारं गाव जमा होतं," त्या म्हणाल्या. "पुण्य तुमचं, अन् सुया माझ्या पोरीला?"

मी म्हटलं, "अहो, चावला तो काळा, मार्केटकडचा. तो आपला नाही."

"मंग आपले कोणते? गळ्यात नाव लिहिलंय का?"



रविवारी चेअरमन नानांच्या ओट्यावर मीटिंग झाली. नाना म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, काठी आपटून बोलायचे. एक म्हणे खायला घालणंच बंद करा. दुसरा म्हणे उपाशी कुत्रं जास्त चावतं. शेठाणीबाई पदर ओढून कोपऱ्यात. त्यांना कुणीतरी टोमणा मारला, "भाभी, तुमच्या तुपाच्या चपात्या खाऊन कुत्री आमच्यापेक्षा गुबगुबीत झालीत."

"तुम्ही पण येत जा विहिरीवर," शेठाणीबाई म्हणाल्या. ओटाभर हसू.

तुझे आजोबा कायदा सांगायला उभे राहिले. "खायला घालू नका असं सांगणारा कायदा माझ्या बघण्यात नाही. मुक्या जनावराला क्रूरपणे वागवलं तर गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात मोकाट कुत्री ठरलेल्या पद्धतीनं मारायला सूट ठेवलीय. नगरपालिका दवंडी देते, आणि परवाना-बिल्ला नसलेलं कुत्रं मोकाट समजते. बिल्ला असेल त्याला हात लावता येत नाही."

नानांनी नगरपालिकेला अर्ज लिहिला. सगळ्यांनी सह्या केल्या. पाटलीणबाईंनी पहिली. चार दिवसांत डफवाला गल्लीगल्लीतून ओरडत गेला: सोमवारपासून बिल्ला नसलेल्या कुत्र्यांचा बंदोबस्त होणार, आपापली कुत्री बांधून ठेवा.

मी गुरुवारी नगरपालिकेत गेले. एकटी. तेव्हा सून एकटी कचेरीत जायची नाही गं. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म सरकवला. "मालकाचं नाव, घर नंबर, कुत्र्याचा रंग. बिल्ला पट्ट्याला अडकवायचा, कुत्रं बांधून ठेवायचं. चावलं तर जबाबदारी मालकाची."

फॉर्म घेऊन घरी आले. तुझे आजोबा चष्मा पुसत म्हणाले, "मालकाच्या रकान्यात माझं नाव? उद्या ती कुणाला चावली तर मीच कोर्टात कारकून आणि मीच आरोपी? पाटलीणबाई सोडतील का?"

मी भांडले नाही. फॉर्म तांदळाच्या डब्याखाली ठेवला, उद्या भरू म्हणून.

दुसऱ्या दिवशी नाना स्वतः आमच्या आणि शेठाणीबाईंच्या दारात आले. आवाज एकदम मऊ. "काळजी करू नका. मी बोलणं केलंय. मारणार नाहीत. गिरणेपलीकडे नेऊन सोडणार. फक्त ती माणसं दिसली की कुत्री पळतात. तेव्हा तुमच्या हातच्या चार चपात्या द्या, नेहमीच्या वेळी बोलवा. बिचाऱ्यांना फासा घालून ओढत न्यायला नको."

शेठाणीबाईंचे डोळे भरून आले. "एवढं तर आम्ही करूच, नाना. वाटेत भूक नको लागायला."

मला फक्त भुरीची काळजी. पिल्लं डोळे उघडायची होती, ती नदीपलीकडे गेली तर त्यांचं काय? म्हणून मी माझ्या लाल लुगड्याचा काठ फाडला आणि तिच्या गळ्यात बांधला. म्हटलं, पट्टा दिसला की सोडतील. दवंडी कानांनी ऐकली होती, कारकुनानं समजावून सांगितलं होतं, घरात कायद्याचा माणूस होता, फॉर्म डब्याखाली होता. आणि मी गाठ मारली चिंधीला!

सोमवारी शेठाणीबाईंनी पहाटेच कणीक मळली. तूप-गुळाच्या वीस चपात्या. हातगाडी घेऊन दोन माणसं आणि जमादार विहिरीवर आले. जमादारानं चपात्यांचा डबा घेतला, आमच्याकडे पाठ केली, काहीतरी केलं. मला वाटलं तुकडे करतोय. मग तो म्हणाला, "वाजाडा बाई ताट."

मी वाजवलं. टणटणटण.

सगळी आली. शेपट्या हलवत, नेहमीसारखी. त्यानं तुकडे टाकले. भुरी मागे उभी होती. मी म्हटलं, "जमादार, ती नको. पट्टा आहे तिला. पिल्लं आहेत."

त्यानं वाकून बघितलं. रागानं नाही, अगदी सरळपणे म्हणाला, "बाई, हाई चिंधी शे. बिल्ला कोठे शे?"

आणि तुकडा तिच्या पुढ्यात टाकला. भुरीनं तो उचलला नाही. माझ्याकडे बघितलं. नेहमी माझ्या हातून घ्यायची ना. मी, पोरी, मी काय केलं असेल? मी म्हटलं, "खा गं बाई, वाटेत भूक लागेल." तिनं खाल्लं.

पाचेक मिनिटं झाली असतील. पहिलं एक कुत्रं ताठ झालं, लाकडासारखं. मला वाटलं मिरगी आली. मग दुसरं. मग सगळीच. शेठाणीबाई ओरडल्या, "हे काय? हे काय होतंय यांना?" जमादार बिडी पेटवत म्हणाला, "कुचला शे बाई. आतेच आटपी जाई." चपात्यांत विष कालवलं होतं त्यानं.

भुरी जिन्याकडे निघाली होती. पिल्लांकडे. अर्ध्या रस्त्यात तिचे पाय ताठले. लाल काठ मातीत.

माझ्या हातात ताट तसंच होतं. किती वेळ कोण जाणे. पळी कधी पडली तेही कळलं नाही. शेठाणीबाई आपल्या दोन्ही हातांकडे बघत होत्या, पीठ लागलंय का बघावं तसं. मुंगी मरेल म्हणून चूल झाडून पेटवणारी बाई ती. पाणी गाळून पिणारी. घरात गेल्या आणि तेला नावाचा उपास धरला, तीन दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. पुढे शेवटची चपाती त्या गच्चीवर कावळ्यांना टाकायच्या. विहिरीकडे परत आल्या नाहीत.

मी नानांच्या ओट्यावर गेले. "तुम्ही गिरणेपलीकडे म्हणालात."

नानांनी काठी आपटली नाही त्या दिवशी. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही बोलावलं असतं का?" एवढंच म्हणाले.

दुपारी जिन्याखाली पिल्लं कुईकुई करत होती आणि मी दार लावून बसले होते. ऐकवत नव्हतं. मग आवाज थांबला. बाहेर आले तर पाटलीणबाई! मांडी घालून बसलेल्या, कापसाच्या वातीनं गाईचं दूध पाजत. पायाला बँडेज बांधलेली पोर शेजारी.

माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी अर्ज चावणाऱ्यासाठी केला होता, बाई. तो काळा तर आजपण मार्केटात हिंडतोय. मी पाहून आले." वात पुन्हा दुधात बुडवत म्हणाल्या, "तो फॉर्म आहे का तुमच्याकडं?"

मी तांदळाच्या डब्याखालून काढून दिला. चारातली दोन पिल्लं जगली. एक त्यांच्या रावेरच्या बागेत गेलं. दुसऱ्याच्या फॉर्मवर, मालकाच्या रकान्यात, त्यांनी नवऱ्याचं नाही, स्वतःचं नाव लिहिलं. जिची पोर चावली गेली, तिनं लिहिलं. आणि मी, जिच्या हातून ते जनावर खायचं, मी नाही लिहिलं.

आणि कॉलनीचं काय झालं? उन्हाळ्याच्या आत मार्केटकडची, स्टेशनकडची नवी कुत्री आली. जागा रिकामी, उकिरडा भरलेला, येणारच. ती ओळखीची नव्हती. त्या पावसाळ्यात आणखी दोघांना चावली.

आता ऐक. तुझ्या वेळचा कायदा तसा नाही. मी तुझ्या मामाकडून वाचून घेतलाय. मारायचं नाही, हाकलून दुसरीकडे सोडायचं नाही. नगरपालिका-महापालिकेनं पकडून नसबंदी करायची, पिसाळण्यावरची लस टोचायची, आणि जिथून नेलं तिथेच आणून सोडायचं. पिसाळलेलं असेल तर त्याची गोष्ट वेगळी. खायला घालायला सोसायटीनं जागा आणि वेळ ठरवून द्यायची. जिना, ये-जा करायचं दार, मुलांचं खेळायचं अंगण सोडून. खाणं झालं की जागा साफ करायची, ते काम खायला घालणाऱ्याचं. भांडण मिटलं नाही तर समिती असते, त्यात तक्रार करणाऱ्यालाही बसवतात. मालकाचा तो रकानाच नको झालाय बघ. त्या एका रकान्यापायी माझी भुरी गेली.

म्हणून सांगते, जिन्यातलं ताट उचल. खालच्या मजल्यावरची ती बाई, जी तुझ्याशी भांडते, तिच्या घरात लहान मूल आहे का विचार. आणि गाडी आली की आडवी पडू नकोस. तुझ्या हातून खातात ना ती? मग तूच बोलव, तूच पकडून दे. फक्त आधी कागद मागून बघ. कुणाची गाडी, कुठे नेणार, लस कोणती, परत कधी आणणार. मी विचारलं नव्हतं, पोरी. तू विचार. आणि परत आली की मोज. नसबंदी झाली की कानाला खूण करतात, त्या कापलेल्या कानावरून कळतं म्हणे.

ती सगळी परत आली की त्याच आठवड्यात इकडे ये. लवकर ये. भरताची वांगी संपायच्या आत ये. ते जर्मनचं ताट त्या सोमवारपासून माळ्यावर आहे, मला आता शिडी चढवत नाही. तू काढून दे.