तरंगणारं बी

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या प्रयोगशाळा सहायिकेला सगळे चिमटाताई म्हणत. एकेक बी ती चिमट्याने मोजून ठेवी, आणि तेवढ्याच सफाईने माणसांनाही चिमटे काढी. बावीस वर्षांत तिच्या हातून एकच काचेची बशी फुटली, तीही माझा धक्का लागून.

मी निवृत्त झाल्यावर विभागप्रमुखांनी मला बोलावणं धाडलं. बाहेरच्या ग्रंथालयातल्या एका जुन्या प्रबंधातून त्यांनी कार्यपद्धतीच्या दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढून मला पाठवले होते. तोच प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करायचा होता.

"मॅडम, एका पानात बसवा. नमुना, साहित्य, कृती. वाचून कुणालाही करता आलं पाहिजे."

काटछाट माझ्या हाडीमाशी भिनलेली. पाल्हाळ दिसलं की माझी कात्री चालू. नमुना: मूग, दोनशे सत्तर बिया. साहित्य: नऊ बशा, गाळणकागद, साधं पाणी, मिठाची दोन द्रावणं. कृती: प्रत्येक पाण्याला तीन बशा, बशीत तीस बिया, तिसऱ्या दिवशी मोड मोजा. सुटसुटीत.

यादी वाचून चिमटाताईने विचारलं, "बाई, तरंगणारं बी आधी काढून टाकायचं ना?"

"यादीत आहे का?"

"नाही."

"मग झालं तर. आपलं शहाणपण घालू नकोस."

तिने घातलं नाही.

प्रबंधात साध्या पाण्यातल्या तिसापैकी अठ्ठावीस बियांना मोड आले होते. आमच्याकडे वीस, एकोणीस, एकवीस. मीठ लांबच राहिलं, साधं पाणीच नापास. प्रमुखांनी खापर बशांवर फोडलं: नीट धुतल्या नसणार. चिमटाताईची बदली भांडारात करा, असं पत्र त्यांनी तयार केलं. मी तिथेच बसले होते. चहा प्यायले. गप्प राहिले.

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. नमुन्याच्या परिच्छेदातच होतं: बी दहा मिनिटं पाण्यात टाकलं, तरंगलेलं काढून टाकलं, बुडालेलंच वापरलं. मी ते वाचलं होतं. हे काय सांगायचं, असं म्हणून मीच उडवलं होतं. पोकळ बीसुद्धा बशीत गेलं, त्याला मोड कुठून येणार? चाळीस वर्षं शिकवलं मी.

सकाळी प्रमुखांसमोर फोटो धरला. ते म्हणाले, "पण सहायिकेच्या लक्षात यायला हवं होतं. तिने सांगायचं तरी."

"सांगितलं होतं तिने. मी तिला गप्प बसवलं. आणि काल तुम्ही तिच्यावर ढकललंत, तेव्हा मीही गप्प बसले."

त्यांनी पत्र फाडलं. माझ्याकडे न बघता.

प्रयोगशाळेत चिमटाताई बशा धूत होती, लख्ख. मी म्हटलं, "चुकलं माझं." ती बशाच विसळत राहिली. मग मी कागद घेऊन पहिली पायरी लिहिली: बी पाण्यात टाका, तरंगेल ते काढा.

तिने हात पुसून वाचलं.

"बाई, किती मिनिटं ते लिहिलं नाहीत."