एक वीत, चार बोटं

प्लासिडच्या मते उमंग हा अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला कॅमेरामन होता. पहिल्याच दिवशी टेपचा हूक त्याने लेन्सच्या काचेला लावला. अंतर मोजायचं ते कॅमेऱ्याच्या अंगावरच्या खुणेपासून, जिच्यामागे सेन्सर बसलेला असतो. हे गासचा फोकस पुलर, म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा प्लासिड, त्याला शिकवणार होता, पण शिकवलं असतं तर मान दिल्यासारखं झालं असतं. प्लासिडने स्वतःच हूक काढला आणि खुणेला लावला.

सव्वीस वर्षं प्लासिड हेच करत होता. रिळाच्या काळात चूक लॅबमधून धुऊन यायची, दोन दिवसांनी. तेव्हा फोकसवाला डोळ्यांनी नाही, फुटांनी जगायचा. आता मालिकेचं शूटिंग निर्मळच्या विद्याधरांच्या केळीच्या वाडीत होतं, घरापासून स्कूटरने पंधरा मिनिटांवर. साठ दिवसांचं काम. पण कालचे दोन शॉट धूसर आले होते आणि उमंगने बिनदिक्कत सगळ्यांसमोर सांगितलं होतं की दोष प्लासिडचा. आज तिसरा बिघडला तर उद्यापासून दुसरा माणूस.

शॉट साधा होता. विहिरीच्या काठावर गावातला काशीराम बसलेला. तिथून रेवा, म्हणजे मालिकेची नायिका, पायवाटेने कॅमेऱ्याकडे यायची. पाच फुटांवर थांबायची, मागे वळून बघायची, की फोकस तिच्यावरून उडून बावीस फुटांवरच्या काशीरामवर जायचा. ओल्या मातीत चिकटपट्टी टिकेना, म्हणून प्लासिडने थांबायच्या जागी काटकी आणि बारा फुटांवर नारळाचं सोडण ठेवलं. टेप धरून मोजलं, तालीम घेतली आणि फोकसच्या पांढऱ्या चाकावर पेन्सिलीने तीन रेघा मारल्या: बावीस, बारा, पाच. काशीराम आणि विहीर मिळून बावीसची खूण.

जेवून परतला तर काशीरामने विहिरीवरूनच हाक दिली.

"अरे प्लासिड, त्या कॅमेरावाल्यानं तिपाय पुढं सरकवला. जेवायला गेलास तवाच."

प्लासिडने बघितलं. मातीत जुने तीन खड्डे मोकळे पडले होते आणि नवे त्यांच्या पुढे.

उमंग मोबाईलमध्ये होता. केळीचं पान फ्रेममध्ये येत होतं, तो म्हणाला, म्हणून जरासं सरकवलं.

"सांगायचं तरी."

"लेन्स तीच आहे ना काका? एका फुटाने काय फरक पडतो? मॉनिटर बघून ओढा."

बावीस फुटांवर एका फुटाचं कसंबसं निभलंही असतं. पण पाच फुटांवर या लेन्सला दीड इंचाची जागा असते, बोटाच्या दोन पेरांएवढी. तिथे एक फूट म्हणजे नाक सोडून शेजारच्या वाडीला फोकस देणं. आणि मॉनिटरवर धुकं दिसेपर्यंत ते रेकॉर्ड झालेलं असतं.

टेपसाठी दोन मिनिटं त्याने दिग्दर्शिका जीनाकडे मागितली. ऊन माडांमागे चाललंय, लगेच घ्या, ती म्हणाली. उमंग हसला.

प्लासिड बुटाची नाडी बांधायला बसला. जुन्या खड्ड्यापासून नव्या खड्ड्यापर्यंत त्याने हात टेकवला: एक वीत, चार बोटं. त्याची वीत नऊ इंचांची, चार बोटं तीन इंचांची. बापाच्या वाडीत केळीचे खुंट लावताना हातात बसलेलं माप. एक फूट पुरता. उठून त्याने लाल पेन्सिलीने नव्या रेघा ओढल्या: एकवीस, अकरा, चार.

रेवा निघाली. प्लासिड मॉनिटरकडे पाठ करून कॅमेऱ्याच्या कुशीला उभा राहिला, तिच्या पावलांवर नजर ठेवून. लांब होती तोवर चाक जेमतेम हललं. सोडण मागे पडलं तसं ते भराभर फिरायला लागलं, कारण जवळचा एक फूट चाकावर लांबच्या चार फुटांएवढा पसरतो. ती काटकीच्या पुढे तीन बोटं येऊन थांबली. पोरींना चपलेच्या टोकाचा हिशेब कुठे असतो. प्लासिडने चाक चारच्याही खाली नेलं.

"आता!" उमंग कुजबुजला. रेवाची मान अजून सरळ होती. प्लासिड हलला नाही. तिच्या डोळ्यांनी वळण घेतलं तेव्हाच त्याने चाक मागे सोडलं, आणि काशीरामच्या दाढीचा पांढरा खुंट न् खुंट उभा राहिला.

जीनाने शॉट दोनदा मागे नेऊन पाहिला. छान, म्हणाली.

उमंगने प्लासिडच्या खांद्यावर हात ठेवला. "बघितलंत काका? म्हटलं होतं ना, एका फुटाने काही होत नाही."

प्लासिडने हात खांद्यावरून उचलून बाजूला ठेवला, वाटेतली फांदी सारावी तसा. मग विद्याधरांच्या खोपीतून तीन खुंट्या आणि दगड आणला, आणि जीना, रेवा, काशीराम सगळे बघत असताना तिपायाच्या एकेका पायाशी खुंटी ठोकली.

"उद्या हलवायचा झाला, तर आधी ह्या उपटाव्या लागतील," तो म्हणाला. "आणि त्या उपटायला तुम्हाला दुसऱ्या कोणाला तरी बोलवावं लागेल. तुमच्या हातांना मातीची सवय नाही."

काशीराम विहिरीवर खो खो हसला. उमंग केळीच्या पानाकडे बघत राहिला. जीनाने उद्या कोण काय करणार त्याचा कागद मागवला आणि फोकससमोर प्लासिडचंच नाव राहू दिलं.