पांढुर्णा टाकलं आणि प्रोग्राम पडला

सौसरच्या एका खाजगी कॉलेजात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर शिकवलं. राहायला पांढुर्ण्याला, शिकवायला सौसरला, आणि रोज बस. त्या बसमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर बसणारा माणूस मला ताई म्हणायचा. त्याला कॉलेजात मीच लावलं होतं. प्राचार्यांपुढे त्याची शिफारस करताना मी म्हटलं होतं, माझ्या भावासारखाच आहे. आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःचाच राग येतो.

मी ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकवायचे. त्यात मेमरीच्या राखणीचा धडा येतो आणि तो पोरांच्या डोक्यावरून जातो. मी तो धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शिकवायचे. आमच्याकडची अर्धी पोरं संत्र्याच्या बगीच्यातून येतात, धुऱ्याची भांडणं त्यांनी घरात ऐकलेली असतात. मी सांगायचे, प्रोसेसरमध्ये दोन रजिस्टर असतात. एकात लिहिलेलं असतं की या प्रोग्रामचं वावर कुठून सुरू होतं, तो बेस. दुसऱ्यात ते किती लांब आहे, ती लिमिट. प्रोग्राम जेव्हा म्हणतो, मला अमुक नंबरच्या जागेवर जायचं आहे, तेव्हा प्रोसेसर आधी तो नंबर लिमिटपेक्षा लहान आहे का ते पाहतो. लहान असेल तर त्यात बेस मिळवून खरा पत्ता काढतो. नसेल तर तिथेच थांबवतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमला बोलावतो. ही दोन रजिस्टरं बदलायचा हक्क फक्त ऑपरेटिंग सिस्टीमला. नाही तर जो तो पटवाऱ्याला न विचारता आपला धुरा सरकवेल.

पोरं हसायची, आणि धडा लक्षात राहायचा. मग हेही सांगायचे की आताच्या मशीनमध्ये दोन रजिस्टरांऐवजी मेमरीची छोटी छोटी पानं करून राखण करतात, पण न्याय तोच. जे पान तुझं नाही तिथे हात घातला की प्रोसेसर अडवतो, ऑपरेटिंग सिस्टीम सिग्नल पाठवते, आणि प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट म्हणून मरतो.

त्या वर्षी संचालक मंडळानं ठरवलं की आमच्या विभागात दोघांऐवजी एकच जण ठेवायचा. कोण, ते मंडळाची माणसं काम पाहून ठरवणार. बातमी आम्हाला दोघांना एकाच दिवशी कळली. बसमध्ये तो म्हणाला, आपण दोघं मिळून काहीतरी असं दाखवू की त्यांना दोघांनाही ठेवावं लागेल. मला ते पटलं. माझ्यासाठी ती नोकरी म्हणजे दुपारचा वेळ घालवणं नव्हतं, घर त्यावर चालत होतं. त्याचंही चालत असेल, मी नाही म्हणत नाही.

आम्ही सी भाषेत बेस-लिमिटचा एक खेळ लिहिला. पडद्यावर खोट्या मेमरीची पट्टी, तिच्यात वेगवेगळे प्रोग्राम, प्रत्येकाचा बेस आणि लिमिट समोर. पत्ता टाका, हद्दीत असेल तर हिरवं, बाहेर असेल तर लाल. जागा देणारं आणि पत्ता तपासून तिथलं वाचणारं फंक्शन माझं. प्रोग्रामला नाव द्यायचं फंक्शन त्याचं. नावं देवनागरीत घ्यायची ही त्याचीच कल्पना, आणि मला ती फार आवडली. पोरांच्या गावांची नावं ठेवली. मोहगाव, सावरगाव, पांढुर्णा.

मंडळ येण्याच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, पांढुर्णा काढून टाकू, दोनच पुरे, पडदा भरून जातो. मी म्हटलं काढ. एवढ्याशा गोष्टीत काय विचारायचं.

मंडळाची माणसं आली, चहा झाला, दिवे घालवून पडदा लावला. कीबोर्डवर तो, बोलायला मी. मोहगाव हिरवं झालं, सावरगावानं हद्दीबाहेर पाय टाकला आणि लाल झालं. प्राचार्य मान हलवत होते. मंडळातले एक काका पांढुर्ण्याचे होते. ते मागून म्हणाले, "सावरगाव ठेवलं, मंग आमच्या पांढुर्ण्यानं काय घोडं मारलं? टाका न तेबी." सगळे हसले. पांढुर्णा नदीच्या या काठाला, सावरगाव त्या काठाला, आणि दोन काठांची चेष्टा आमच्याकडे कधी संपत नाही.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं कीबोर्डवरून हात काढले, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "ताई, तुमी टाका."

मला वाटलं मान देतोय. मी बसले, पांढुर्णा टाइप केलं. नाव पडद्यावर नीट उमटलं, बेस आणि लिमिटही बरोबर. मी एक पत्ता दिला, चांगला हद्दीच्या आतला. तपासणीनं तो मान्य केला आणि लगेच सगळा खेळच बंद पडला. काळ्या पडद्यावर सेगमेंटेशन फॉल्ट एवढंच उरलं. मेमरीची राखण दाखवणारा प्रोग्राम, आणि त्यालाच खऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमनं हद्द मोडली म्हणून मारलं. काकांनी विचारलं, "हेच दाखवायचं होतं का?"

तो पटकन पुढे आला. प्रोग्राम डीबगरमध्ये चालवला, तेच नाव पुन्हा टाकलं, आणि पडला तेव्हा कुठल्या ओळीवर पडला ते पडद्यावर काढलं. ओळ माझ्या फंक्शनमधली होती. तो प्राचार्यांना शांतपणे म्हणाला, "हे फंक्शन ताईंचं आहे, सर. मी पाहून घेतो."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. अजून तेच डाचतं.

मी त्या संध्याकाळी बसमध्ये त्याची माफी मागितली. माझ्यामुळे तुझंही नाव खराब झालं म्हणाले. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, होते चूक कधीकधी. पुढचे कितीतरी दिवस मी त्या ओळी चाळल्या. 'पेक्षा लहान' च्या जागी 'लहान किंवा बरोबर' तर लिहून बसले नाही ना, लिमिटच्या तपासणीत हीच चूक सगळे करतात. नव्हती केली. बेस दोनदा मिळवला का? तोही नाही. वर्गात हे इतकी वर्षं शिकवलेल्या बाईला आपल्याच ओळीतली खोट सापडत नव्हती. मला वाटायला लागलं, माझंच शिकणं वरवरचं होतं. त्याच्या फंक्शनकडे मी पाहिलंही नाही. ते त्याचं होतं, आणि तो माझा होता.

मंडळानं त्याला ठेवलं.

लॅबची किल्ली परत द्यायला मी कॉलेजात गेले तेव्हा त्याचा तास चालू होता. दारातूनच पडदा दिसत होता. आमचाच खेळ. पट्टीवर मोहगाव, सावरगाव आणि तिसरं पांढुर्णा. पोरं पत्ते सांगत होती, पांढुर्णा हिरवं होत होतं, लाल होत होतं, आणि प्रोग्राम चालत होता.

तास सुटला तसं मी विचारलं, यात चूक कुठे सापडली? तो प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता. म्हणाला, नावाच्या जागेत. नावाला त्यानं चोवीस बाइटांची जागा ठेवली होती. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, उकार, अनुस्वार, सगळे वेगळे मोजले जातात. सावरगाव एकवीस बाइटांत बसतं. पांढुर्णा सत्तावीस मागतं. त्याचं फंक्शन लांबी न मोजता नाव उतरवत होतं, आणि नावाला लागूनच पुढे तो पॉइंटर होता, ज्यात माझ्या फंक्शननं दिलेल्या जागेचा पत्ता ठेवलेला. नावाचं शेपूट त्या पत्त्यावर सांडलं. सी भाषा अशा वेळी अडवत नाही, आणि प्रोसेसरही नाही, कारण ते पान आमच्याच प्रोग्रामचं होतं. आपल्याच वावरात आपण काय उपटतो ते राखणदार पाहत नाही. पुढे माझं फंक्शन तो बिघडलेला पत्ता घेऊन निघालं, भलत्याच ठिकाणी पोचलं, आणि पकडलं गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मला आधी हायसंच वाटलं, खरं सांगते. चूक माझी नव्हती. मग विचारलं, कधी सापडली?

तो वायर गुंडाळतच राहिला.

"मी तं माझ्या कॉपीत आधीच जागा वाढवून घेतली होती, ताई."

"आधी म्हणजे?"

"मंडळ यायच्या आधी. माझ्याकडे पांढुर्णा टाकलं का बंद पडून राहिलं होतं. त्या दिवशी लावली ते तुमची कॉपी होती."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

त्यानं वायरची गाठ मारली, पिशवीत ठेवली. म्हणाला, "एकच जागा होती न."

मी आरडाओरडा करणारी बाई आहे. घरात विचारा कोणालाही. पण तिथे मी पिशवीतून लॅबची किल्ली काढली. मला फक्त त्याचे कीबोर्डवरून निघालेले हात दिसत होते. पांढुर्णा काढून टाकू, पडदा भरून जातो. ताई, तुमी टाका. आणि बसमध्ये मी मागितलेली माफी. ती त्यानं घेतली होती. केसानं गळा कापणं मी ऐकून होते, पण कापणारा शेजारी बसून आपल्या डब्यातलं लोणचं खातो हे कोणी सांगितलं नव्हतं. किल्ली टेबलावर ठेवली आणि बसस्टँडवर आले. त्या दिवशी मी त्याच्या आधीची बस पकडली.

प्राचार्यांना सांगितलं का, असं लोक विचारतात. सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, पडद्यावर तर तुमचंच फंक्शन दिसलं होतं.

आता मी पांढुर्ण्याला घरीच पुढच्या खोलीत शिकवणी घेते. कॉलेजची पोरं येतात, काही सौसरवरूनही येतात. तो रस्त्यात भेटला की गाडी हळू करतो आणि ताई म्हणतो. मी ओ देत नाही.

तो खेळ मी जसा पडला होता तसाच ठेवला आहे, दुरुस्त केलेला नाही. धडा आला की दाखवते. मोहगाव, सावरगाव, मग पांढुर्णा, आणि प्रोग्राम पडतो. डीबगर लावते, ओळ येते. पोरांना विचारते, कोणाची चूक? दर वर्षी सगळी एका सुरात त्याच फंक्शनकडे बोट दाखवतात. मग मी त्यांना तिथून मागे मागे नावाच्या जागेपर्यंत नेते, बाइट मोजायला लावते, आणि बहुतेकांना शेवटी पटतं.

यंदा एका मुलीला नाही पटलं. ती म्हणाली, पण मॅडम, ज्यानं जागा कमी ठेवली त्याचं नाव तर कुठंच येत नाही. मी म्हटलं, नाही येत.

"आणि हे मेलेलं फंक्शन कोणाचं आहे?"

मी म्हटलं, "माझं."