ब्रेकलाईटचा ठोका

शाळेच्या बसवर ताई म्हणून मी लागले तेव्हा मला वाटलं होतं, पोरांना चढवायचं, उतरवायचं आणि भांडणं सोडवायची, एवढंच काम असेल. पहिल्याच सकाळी मॅडमनी हातात पुठ्ठा दिला. पुठ्ठ्यावर तक्ता, तक्त्याला दोरीने बांधलेलं पेन. मॅडम म्हणजे आमच्या मालकीणबाई. त्यांच्या अकरा बस, सगळ्या वाघोलीच्या एका मोकळ्या प्लॉटवर उभ्या असतात. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि ते त्यांच्या बोलण्यातून अजून गेलेलं नाही.

"हा तक्ता भरल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि भरणं म्हणजे बघून भरणं. आंधळेपणाने खुणा करायला मला माणसं लागत नाहीत, ते मी घरी बसून करू शकते."

तक्त्यात दोन रंग होते. लाल रकान्यातली एक जरी गोष्ट नापास झाली तरी गाडी जागेवरून हलवायची नाही, दुसरी मागवायची. पिवळ्यातली नापास झाली तर लिहून ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून घ्यायची. सीटचं कव्हर फाटलं, प्रथमोपचाराच्या पेटीतली एखादी पट्टी संपली, हे पिवळं. टायरला चीर, चाकाचा नट ढिला, आरसा फुटलेला, हॉर्न बंद, आग विझवायच्या नळकांड्याचा काटा हिरव्याच्या बाहेर, हे लाल. संकटकाळचा दरवाजा आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून पूर्ण उघडला पाहिजे. नुसती कडी हलली तर ते पास नव्हे. हवेच्या ब्रेकचा काटा वर आला की ड्रायव्हरने पाय दाबून धरायचा आणि काटा खाली सरकत नाही ना ते बघायचं. सरकला तर कुठेतरी हवा गळते आहे.

आमच्या गाडीचे ड्रायव्हर म्हणजे काका. वय सत्तावन्न, जवळच्याच गावचे. त्या गावात आता शेतं कमी आणि सोसायट्या जास्त. काकांचं शेत केव्हाच विकलं गेलं होतं आणि त्या पैशाचं काय झालं ते ते कधी सांगत नसत. पण लोखंडी रॉडने मागच्या जोडटायरवर ठोकून आवाजावरून आतल्या टायरची हवा सांगायचे, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. "ह्यो बद्द बोलतोय बघ ताई, ह्याच्यात हवा कमी हाय." गेजने मोजलं तर खरंच कमी निघायची.

ब्रेकलाईट मात्र एकट्याने बघता येत नाही. पाय पुढे आणि दिवा मागे. म्हणून काका आत बसून ब्रेक दाबायचे आणि मी मागे उभी राहायची. डिझेल इंजिनच्या आवाजात हाका कोण ऐकणार? आमची ठरलेली पद्धत होती. दोन्ही दिवे लागले की मी बसच्या मागच्या पत्र्यावर एक ठोका द्यायची. एक जरी लागला नाही तरी दोन ठोके. एका ठोक्याला काका पाय काढत, खाली येत, मी तक्त्यावर खूण करायची आणि आम्ही दोघं सही करायचो.

दोन वर्षांत मी दोन ठोके फक्त तीनदा दिले होते. इथेच माझी गोची झाली. रोज दिवा लागतोच असं दिसलं की माणसाचा हात डोळ्यांच्या आधी धावतो. डोळ्यांना मग काही कामच उरत नाही.

तो दिवस थंडीतला. सव्वासहा वाजलेले, अजून नीट उजाडलं नव्हतं. मी मागे उभी होते, डाव्या काखेत पुठ्ठा आणि हातात फोन. पालकांच्या ग्रुपवर एका बाईंनी लिहिलं होतं की काल बस चार मिनिटं उशिरा आली, ताई मुलांना घाई करतात आणि बोलायची पद्धत बरी नाही. मी भडकले. ह्यांचा मुलगा रोज एक बूट घालून खाली येतो, दुसरा मी बसमध्ये चढवते आणि बोलायची पद्धत माझी बरी नाही! मला राग आला की थांबता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी उत्तर टाइप करत होते, "ताई, आपण स्वतः एकदा..." आणि तेवढ्यात उजवा हात पत्र्यावर पडला. एक ठोका. इंजिन घरघरत होतं. काका खाली आले, मी खूण केली, सह्या झाल्या. ते उत्तर मी पाठवलंही नाही, पुसून टाकलं.

नगर रोडला लागलो तेव्हा गाडीत चौदा मुलं होती. पुढची रिक्षा अचानक थांबली, काकांनी ब्रेक मारला. झटका असा नव्हताच, पण मागून धप्प आवाज आला. काकांनी गाडी कडेला घेतली, चारी इंडिकेटर लावले. मी मुलं मोजली, कुणाला काही झालं नव्हतं. खाली उतरून बघते तर एक कॉलेजचा मुलगा स्कूटरखालून पाय सोडवत होता. तळहात सोलवटलेला, पँट गुडघ्यावर फाटलेली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.

"काकू, ब्रेकलाईट लागलीच नाही तुमची!" तो म्हणाला. रागावलेला नव्हता, नुसता घाबरलेला होता. "मला कळलंच नाही बस थांबतेय."

मी काकांना ब्रेक दाबायला सांगितलं आणि मागे जाऊन उभी राहिले. मागचे साधे लाल दिवे मंद जळत होते. ब्रेकचे दोन्ही दिवे काळे. मी बराच वेळ बघत राहिले, जणू बघून ते लागणार होते. मग पत्र्यावर दोन ठोके दिले.

ब्रेकलाईट लाल रकान्यातली. त्यामुळे त्या गाडीतून मुलांना पुढे न्यायचं नव्हतं. मॅडमना फोन केला, पंचवीस मिनिटांत दुसरी बस आली. त्या मुलाला मॅडमनी स्वतः दवाखान्यात नेलं. आमची गाडी प्लॉटवर परत गेली. मेकॅनिकने बघितलं आणि सांगितलं की बल्ब दोन्ही चांगले आहेत, ब्रेकपाशी असलेला स्विच गेलाय. "कधी गेला?" काकांनी विचारलं. त्याने खांदे उडवले. सकाळी गेला असेल, नाहीतर वाटेत, स्विचचं काही सांगता येत नाही.

दुपारी मॅडमनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, एक टेबल, तीन खुर्च्या. टेबलावर त्या सकाळचा तक्ता होता. ब्रेकलाईट, पास. खाली माझी सही, तिच्याखाली काकांची.

"सकाळी तपासली तेव्हा लागत होती," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे स्विच वाटेत गेला. तुमची काही चूक नाही. मुलाचं मी बघते. बरोबर ना?"

मला फक्त हो म्हणायचं होतं. मॅडमचा नियम प्लॉटवरच्या प्रत्येकाला पाठ होता. लाल रकान्यात खोटी खूण सापडली तर सही करणारे दोघंही घरी. मी दुसरीकडे काहीतरी बघितलं असतं, स्वयंपाकाला गेले असते. पण सत्तावन्नाव्या वर्षी काकांना कुणी बस दिली असती? त्यांच्या मुलीचं बाळंतपण तोंडावर आलेलं, जावई नुकताच कामावरून सुटलेला. मी काकांकडे बघितलं. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते.

आणि मला त्या पोराचा हात आठवला. सोललेल्या तळव्यात अडकलेली रस्त्याची खडी.

"मॅडम, मी बघितलंच नाही," मी म्हणाले. "फोनवर होते. ठोका दिला, पण दिव्याकडे बघितलं नाही. काकांनी माझ्या ठोक्यावर सही केली. त्यांचा यात काही दोष नाही. मला काढा."

बाहेर एक बस मागे घेत होते, तिचा टूं टूं आवाज येत राहिला.

"दोष हाय," काका म्हणाले. आवाज अगदी हळू. "ठोका आला तवा माझा पायच ब्रेकवर नव्हता, मॅडम. पायाशी पाण्याची बाटली पडली हुती, ती उचलत हुतो. पाय न्हाई तर दिवा कुठनं लागायचा? मला कळलं हुतं ताईनं बघितलं न्हाई. म्हटलं, रोज लागत्यात, लागलं असंल. परत दाबायला दोन सेकंद गेलं असतं."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दोन वर्षं मी समजत होते की काकांचा माझ्या ठोक्यावर विश्वास आहे. आणि त्यांनी तर माझी लबाडी ऐकून, ओळखून, सोडून दिली होती. माझ्यावरच्या मायेपोटी असेल, आळसापोटी असेल, त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

मॅडम उठल्या. कपाटातून मागच्या तीन महिन्यांच्या तक्त्यांचा गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"यातल्या कुठल्या खुणा तुम्ही बघून केल्यात, त्यांच्यावर बोट ठेवा," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

मी पानं उलटत गेले. एका मंगळवारवर बोट ठेवलं, त्या दिवशी डावा बल्ब गेला होता आणि मी दोन ठोके दिले होते. आणखी एक दिवस आठवला, पावसाचा. बाकी सगळीकडे माझ्याच सुरेख अक्षरात पास, पास, पास. एकावरही मला शपथ घेता येईना. काकांनी गठ्ठा माझ्या हातून घेतला, दोन पानं बघितली आणि तसाच परत ठेवला.

नोकऱ्या गेल्या नाहीत. "खरं बोलणाऱ्यांना काढलं तर माझ्याकडे फक्त खोटं बोलणारे उरतील," मॅडम म्हणाल्या आणि पंधरा दिवस दोघांनाही घरी बसवलं. त्यांनी नियमही बदलला. एका गाडीवर नेहमीची जोडी असेल तर मागे उभं राहायला शेजारच्या गाडीची ताई येते. जोड्या जुन्या झाल्या की बघणं थांबतं, असं त्यांचं म्हणणं. खरं आहे ते. आमच्यामुळे झालं, एवढंच वाईट.

त्या पंधरा दिवसांत काका आजोबा झाले. पेढे घेऊन ते आमच्या विश्रांतवाडीच्या खोलीवर आले, चहा झाला, पोरीची तब्येत, नातवाचं वजन, सगळं बोलून झालं. निघताना दारात चपला घालता घालता थांबले.

"ताई, ती चौदा पोरं हुती गं गाडीत," म्हणाले, आणि या माणसाच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी बघितलं. मी त्यांचा हात धरला.