जहाजाच्या मालकाचा पत्ता

लातूरला माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. कंपन्यांची वार्षिक विवरणपत्रं भरायची, संचालक बदलले की फॉर्म टाकायचे, सह्या टाळणाऱ्या शेठलोकांच्या मागे लागायचं, हे माझं काम. नांदेडला माहेरी ते कोणालाच धड सांगता येत नाही. आई "ती कंपन्यांचं बघते" म्हणून विषय मिटवते. जीभ माझी तिखट, हे मी आधीच कबूल करते. नुसतं नाव घेऊन कंपनी शोधायला येणाऱ्याला मी हमखास झापते. एकाच नावाच्या कंपन्या दहा देशांत असतात. नोंदणी क्रमांक आणा, मग बोला. हे मी इतक्यांदा सांगितलंय की ऑफिसातली मुलगी माझ्या आधीच म्हणून टाकते.

देवणीकडचे एक काका आले तेव्हा मात्र मी झापलं नाही. त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. ते जहाज एका परक्या बंदराबाहेर आठ महिन्यांपासून नांगर टाकून उभं होतं. मालकाने डिझेल बंद केलं, पगार बंद केले, मग फोन उचलणंही बंद केलं. बाकीचे खलाशी एकेक करून घरी गेले. जहाजावर कोणीतरी राहिलंच पाहिजे म्हणून तिथल्या कोर्टाने ह्या पोराला राखणदार ठरवलं. मालकाने बदली माणूस दिला किंवा जहाज विकलं गेलं तरच त्याची सुटका.

"मुंबईच्या जहाजांच्या सरकारी हापिसात तक्रार देली, तक्रारीचा नंबर मिळाला," काका म्हणाले. "तिकडं बंदरावर खलाशांचं बघणारा एक भला माणूस हाय. तो म्हणतो, मालकाचा खरा पत्ता काढून आणा, मी नोटीस पोचवतो. तेवढं करा मॅडम. पोरगं पावसाचं पाणी पिऊन राहिलंय."

त्यांनी पिशवीतून जहाजाच्या कागदाचा फोटो काढला. मुलाने फोनवर पाठवलेला, यांनी छापून लॅमिनेशन करून आणलेला. आमच्याकडे कागद महत्त्वाचा म्हटला की लॅमिनेशन आलंच; सातबारापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये. दुकानदाराने तो पाकिटात बसावा म्हणून वरून-खालून नीट कापला होता. जहाजाचं नाव होतं, मालक कंपनीचं नाव होतं. खाली काहीच नव्हतं.

मी विचारायला हवं होतं, की खालची ओळ कुठे गेली? मूळ फोटो फोनवर असेल, तो दाखवा. पण काका समोर बसले होते, चहाला हात लावत नव्हते, आणि मला त्यांना काहीतरी चांगलं सांगायची घाई झाली होती. दयेपोटी माणूस किती आळशी होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही, नंतर कळलं.

कंपनीला एलईआय नावाचा वीस अक्षर-अंकांचा जागतिक ओळख क्रमांक असू शकतो. सगळ्यांना नसतो, पण ज्यांना असतो त्यांची नोंद कोणालाही फुकट बघता येते. मी नाव टाकलं. पहिलीच नोंद ब्रिटनमधली निघाली. कंपनी चालू, क्रमांक वैध. तिथून तिच्या देशाच्या कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर गेले. तेही खुलं. पत्ता, संचालकांची नावं, भरलेले ताळेबंद, सगळं लख्ख.

"सापडली, काका," मी म्हणाले. काकांनी दोन्ही हात जोडले. मला फार बरं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

नोंदणीत ईमेल नसतो, म्हणून लेटरहेडवर शिक्का मारून कडक पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं. बंदरावरच्या माणसालाही तोच पत्ता कळवला. सहा आठवडे आम्ही वाट पाहिली. दर सोमवारी काकांचा फोन यायचा, "काही आलं का?" आणि मी म्हणायची, "परदेशाचं काम आहे, वेळ लागतो."

उत्तर आलं ते अगदी सभ्य होतं. आम्ही बाथरूमच्या फरश्या विकतो, आमच्याकडे कधीही जहाज नव्हतं. समुद्रावरून ठेवलेलं ते देखणं नाव त्यांनाही आवडलं होतं, एवढंच.

मी मुलाचा नंबर घेतला आणि मूळ फोटो थेट माझ्या फोनवर मागवला. कापलेल्या पट्टीत सगळं होतं: मालक कंपनीचा देश आणि तिथला नोंदणी क्रमांक. देश म्हणजे प्रशांत महासागरातली काही बेटं. ह्या वेळी मी नावाला हात न लावता क्रमांकाने शोधलं. तंतोतंत जुळला. एलईआयची नोंद सांगत होती, कंपनी चालू आहे. पण नूतनीकरण केलेलं नव्हतं, म्हणजे ती माहिती शेवटच्या तपासणीपुरती खरी, पुढचं कोणी बघितलेलं नाही. पत्ता कंपन्या नोंदवून देणाऱ्या एजंटाच्या कचेरीचा, जिथे अशा असंख्य कंपन्या कागदावर नांदतात. वरची मालक कंपनी कोण, या रकान्यात नावाऐवजी नाव न देण्याचं कारण होतं: मालक व्यक्ती आहेत. कोण व्यक्ती, ते त्यात लिहायची पद्धतच नाही.

मग बेटांच्या नोंदणीत गेले, कारण दोन नोंदी वेगळं बोलल्या तर मायदेशाची नोंद धरायची. तिथे नाव, क्रमांक, स्थापना आणि स्थिती, एवढंच मिळतं. संचालक नाहीत, भागधारक नाहीत. स्थितीपुढे लिहिलं होतं: रद्द. पुढे तारीख.

एजंटाला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या. त्या कंपनीचं काम आम्ही सोडलं आहे, आमच्याकडे मालकांचा निरोप घेण्याची व्यवस्था नाही. बंदरावरचा भला माणूस म्हणाला, आता जहाजाचा लिलाव होईपर्यंत थांबायचं. भंगार म्हणूनही घ्यायला कोणी पुढे येत नाही, एखादं वर्ष जाईल, दोनही जातील. मेलेल्या कंपनीला नोटीस कोण देणार? मी संगणकासमोर बसून अक्षरशः रडले, आणि ऑफिसातली मुलगी मुकाट्याने बाहेर जाऊन उभी राहिली.

काकांना बोलावून घेतलं. फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही. संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि एकेक शब्दाचा अर्थ सांगितला. त्यांनी मान डोलावत ऐकलं. मग तारखेवर बोट ठेवलं.

"ही काय हाय?"

"त्या दिवशी कंपनी रद्द झाली."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तारखा येत होत्या. बोटांच्या पेरांवर मोजत ते थांबले.

"आमी तुमच्याकडं पयल्यांदा आलो, त्याच्यानंतर अकरा दिवसांनी."

"हो."

"म्हंजे त्या दिवशी जित्ती व्हती."

"हो, काका."

जिवंत असताना नोटीस गेली असती तर मालकाने बदली माणूस दिला असता का, मला माहीत नाही. बहुधा नसता दिला. पण एजंट तेव्हा त्यांचा होता, नोटीस घेणारं कोणीतरी होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी पिशवी उचलली. दाराशी वळून म्हणाले, "तुमचा काय दोष न्हाई मॅडम. कागद मीच कापून आणला."

मी त्यांना तसंच समजून जाऊ दिलं.