दाराआडचा हिरवा रकाना

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरला सगळे फूटपट्टी सिस्टर म्हणत. बँडेजसुद्धा ती कडेला कड जुळवून गुंडाळायची. घरी मोजे जोडीनेच वाळत घालायची. एक हरवला, तर दुसऱ्यालाही दोरीवर जागा नसे.

एका रविवारी दवाखाना बंद असताना तिने बाहेरच्या खोलीत, दाराशेजारच्या भिंतीवर, मोठा फलक रंगवला. डावीकडे लाल अक्षरांत लोकांचे गैरसमज, उजवीकडे हिरव्या अक्षरांत खरी माहिती. रकान्यांना मथळे दिले नाहीत. "लाल म्हणजे चूक, हिरवं म्हणजे बरोबर. सिग्नल पाहिलेल्या माणसाला वेगळं काय सांगायचं?"

सोमवारपासून रोगी विचित्र वागू लागले. एक गृहस्थ भाजलेल्या बोटाला टूथपेस्ट फासून आले आणि "बरोबर केलं ना?" म्हणून शाबासकीची वाट पाहत उभे राहिले. एका बाईंनी साध्या सर्दीला अँटिबायोटिकच हवं म्हणून हट्ट धरला. कंपाउंडरने समजावलं, "बाई, बहुतेक सर्दी आपोआप बरी होते." तर म्हणाल्या, "तुम्हाला जास्त कळतं, का दवाखान्याच्या भिंतीला?"

पण सिस्टरच्या काळजाला हात घातला तो तिच्या मामांनी. मामा शेजारीच शिवणकाम करत. तिला लहानाची मोठी त्यांनीच केलेली. रक्तदाबाची गोळी घ्यायला त्यांना राजी करताना सिस्टरचा जीव मेटाकुटीला आला होता. आता ते विजयी मुद्रेने आत आले.

"सोडली गोळी. तुझाच हुकूम!"

"माझा? कधी?"

"भिंतीवर लिहिलंयस की, बरं वाटू लागलं की रक्तदाबाची गोळी बंद करावी. मला तर झकास वाटतंय. पंधरवडा झाला."

सिस्टरने त्यांना खुर्चीत बसवलं, पाय जमिनीवर टेकवायला लावले, हात टेबलावर ठेवला. "पाच मिनिटं शांत बसा. मोजताना बोलायचं नाही."

"का नाही बोलायचं?"

"बोललात की आकडा वाढतो."

"आकड्याला माझं बोलणं ऐकू जातं?"

पुन्हा पहिल्यापासून पाच मिनिटं. मामांना गप्प बसवायलाच अर्धा तास गेला. आकडा तरीही वाढलेलाच होता.

डॉक्टरांनी घाबरवलं नाही. "थोडं वाढलंय. बरं वाटत होतं ते गोळीमुळेच. आजपासून रोजची गोळी सुरू करा, राहिलेल्या एकदम घेऊ नका. आठवड्याने पाहू."

"तुम्ही तोंडी सांगता, भिंत लेखी देते," मामा म्हणाले. "मी लेखी मानतो."

सिस्टर त्यांना हाताला धरून फलकाकडे घेऊन गेली आणि तिथेच थबकली. दवाखाना चालू असताना दार उघडं, आणि उघड्या दाराची फळी भिंतीला टेकून बसलेली, बरोबर हिरव्या रकान्यावर.

तिने दार धाडकन लावलं. बाहेरची रांग ओरडू लागली, "अहो, आम्ही काय केलं?" आत मामा चष्मा चढवून वाचू लागले, "बरं वाटलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये." मग सावकाश वळले. "म्हणजे खोटं उजेडात आणि खरं दाराआड? एवढी टापटीप, आणि दार उघडून बघितलं नाहीस?"

"चुकलंच मामा. आधी गोळी घ्या."

घेतली.

कंपाउंडरने लगेच पाटी लावली, "फलक दार लावून वाचावा." आता प्रत्येक जण आत आला की दार लावून वाचत बसे, मागचा बाहेरून धक्के मारी, आणि तो आत आला की पुन्हा दार लावी. शिवाय सिस्टरने दोन्ही बाजू वाचलेल्या दूधवाल्या काकूंना विचारलं, "जुलाब झाले की काय करायचं?"

"पाणी बंद," काकू ठसक्यात म्हणाल्या. "लालमध्येच आहे ना?"

नुसते मथळे लावले की भागेल, हा विचार सिस्टरने त्या दिवशी सोडला. खोटं ठळक लिहिलं की मथळा विसरला जातो आणि खोटं तेवढं लक्षात राहतं, हे तिला कळून चुकलं. तिने मामांना टेप घेऊन बोलावलं. दार सताड उघडं ठेवून मामांनी उरलेली भिंत मोजली आणि लाल रकाना झाकेल असा तेवढ्याच रुंदीचा कापडी फलक शिवला. त्यावर सिस्टरने आधी मोठ्या अक्षरांत खरं लिहिलं: "जुलाबात जलसंजीवनी थोडी थोडी देत राहा." "भाजल्यास लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा." खाली बारीक अक्षरांत, "पाणी बंद करणं किंवा टूथपेस्ट लावणं उपयोगाचं नाही."

आठवड्याने मामा आले. खुर्चीत बसले, पाय टेकवले आणि तोंडात रुमाल कोंबला. आकडा बराच खाली आला होता.

रुमाल काढून त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं.

"गोळी बंद करायची असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं," त्यांनी सिस्टरला समजावलं. "तुला माहीत नसेल म्हणून सांगतो."